न कळवता गैरहजर राहणाऱ्या, वयाने मोठ्या सहकाऱ्याशी काय बोलायचं आणि नंतर काय लिहायचं

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत आमची सुट्या भागांची कंपनी आहे. बिलिंग-डिस्पॅचमध्ये माझ्या हाताखाली आठ जण आहेत. त्यातले एक दादा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, काम चोख. पण एप्रिल ते जूनमध्ये १४ दिवस आले नाहीत, त्यातले ९ दिवस रजा मंजूर नसताना. एचआर म्हणतं, आधी तुम्ही बोला आणि बोलणं लेखी ठेवा. मी असं कधी कुणाशी बोललेलो नाही. काय बोलू, आणि नंतरच्या मेलमध्ये काय लिहू?

उत्तर:

आधी तो ९ हा आकडा तपासा. हजेरीच्या यंत्रातून निघालेला आकडा आणि खरा आकडा क्वचितच सारखे असतात. समोरच्याला त्यातला एक जरी दिवस चुकीचा दाखवता आला, तर ठरवलेला अर्धा तास त्या एका दिवसावरच जातो. वर तुम्ही न तपासता आरोप केलात ही गोष्ट त्यांच्या मनात राहते ती वेगळीच.

एका कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात यंत्राने काय नोंदवलं, तिसऱ्यात रजेचा अर्ज होता का आणि त्याचं काय झालं, चौथ्यात त्या दिवशी त्यांनी कुणाला, किती वाजता, कशाने कळवलं. चौथ्या रकान्यासाठी स्वतःच्या फोनमधले कॉल आणि मेसेज उघडा. विभागातल्या दुसऱ्या कुणाला ते कळवतात का हेही सहज विचारून घ्या. बऱ्याचदा माणूस शेजारच्या टेबलावरच्या मित्राला सांगतो आणि मित्र ते पुढे सांगायचं विसरतो. अशा दिवसाला 'न कळवता' म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला 'चुकीच्या माणसाला कळवलं' म्हणायचं.

यंत्र कुठे चुकतं तेही ठराविक आहे. बाहेरच्या कामासाठी पाठवलेला दिवस ऑन-ड्यूटी म्हणून नोंदवायचा राहून जातो. बोट नीट उमटत नाही आणि सकाळचा पंच पडत नाही. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे रजेचा अर्ज वेळेत आलेला असतो, पण तो तुमच्याच लॉगिनमध्ये मंजुरीची वाट बघत पडलेला असतो. बोलायला बसण्याआधी तो ट्रे रिकामा करा. जोरदार पावसात मध्य रेल्वे बंद पडली असेल तर त्या दिवशी विभागातले बाकीचे किती वाजता पोहोचले तेही बघा. निम्मे लोक आले नसतील तर तो दिवस यादीतून काढून टाका.

तुमच्याच आकड्यांवर उदाहरण मांडून दाखवतो. १४ पैकी ५ दिवस मंजूर रजा. ते यादीत नकोतच, तोंडातही नकोत. मंजूर केलेली रजा नंतर माणसाच्या विरुद्ध मोजली, तर पुढच्या वेळी कुणी अर्जच करणार नाही. उरले ९. त्यातला एक दिवस तळोज्याच्या ग्राहकाकडे बिलाचा ताळमेळ लावायला तुम्हीच पाठवलं होतं, नोंद राहिली. एका दिवसाचा अर्ज दोन दिवस आधी आलेला होता, तुम्ही उघडला नाही. म्हणजे राहिले ७. समजा त्या तारखा अशा निघाल्या: २४ आणि २९ एप्रिल, ८ आणि २२ मे, ५, १३ आणि १९ जून. कामाची वेळ साडेनऊची. यातल्या तीन दिवशी मेसेज आला, पण पावणेदहा ते अकराच्या दरम्यान. चार दिवशी काहीच आलं नाही, दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर कळलं.

ही शेवटची वाटणी सगळ्यात कामाची आहे. न येणं आणि न कळवणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोघांचे उपायही वेगळे. न येण्यामागे घरची अशी अडचण असू शकते जी त्यांच्याही हातात नाही आणि तुमच्याही नाही. न कळवणं मात्र उद्यापासून थांबू शकतं. हे दोन्ही एकाच वाक्यात बांधून 'तुमची हजेरी खराब आहे' असं म्हटलं, की समोरचा माणूस अडचणीचा बचाव करत बसतो आणि न कळवण्याचा विषय निसटतो.

आता त्या सात तारखांवर वार लिहा. २४ एप्रिल, ८ मे, २२ मे, ५ जून, १९ जून हे पाचही गुरुवार आहेत, आणि बरोबर दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने आले आहेत. असं काही दिसलं की डोकं लगेच गोष्ट रचायला लागतं. तिथे थांबा. दर पंधरवड्याचा गुरुवार म्हणजे रुग्णालयातली ठरलेली तपासणी असेल, कोर्टाची तारीख असेल, मुलाची थेरपी असेल, किंवा दुसरीकडचं कामही असेल. तुम्हाला माहीत नाही, आणि या बैठकीत अंदाज बोलून दाखवायचा नाही. फक्त अंतर दाखवायचं आणि विचारायचं.

शेवटची तयारी म्हणजे परिणाम. दोनच प्रसंग निवडा आणि ते नेमके ठेवा. उदाहरणार्थ, '५ जूनला दुपारची गाडी ई-वे बिल निघालं नाही म्हणून गेटवर दोन तास उभी होती' आणि '१९ जूनला जीएसटीआर-३बीच्या आदल्या दिवशी विक्रीचा ताळा लागला नाही, दोघांना रात्री नऊपर्यंत बसावं लागलं'. कोण बसलं त्यांची नावं घेऊ नका, नाहीतर उद्यापासून विभागात दोन तट पडतात. आणि 'टीमवर ताण येतो', 'सगळे नाराज आहेत' अशी वाक्यं पूर्ण टाळा. ती तपासता येत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला पाठीमागे चर्चा चाललीय एवढंच त्यातून कळतं.

वेळ निवडताना तुमच्या कामाचं चक्र बघा. जीएसटी रिटर्नची ११ आणि २० तारीख, महिनाअखेरची बिलं आणि पगाराचा दिवस सोडा. गैरहजेरीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बोलावू नका, तेव्हा दोघेही तापलेले असतात. आठवड्याच्या मधला दिवस, सकाळी अकराच्या आसपास, तीस मिनिटं. संध्याकाळी साडेपाचला बसवलंत तर त्यांचा डोळा घड्याळाकडे राहील. रबाळ्याहून ठाण्याला जाऊन पुढे कल्याणकडची गाडी पकडणाऱ्या माणसाला दहा मिनिटं उशीर झाला तर घरी पोहोचायला त्याहून बराच जास्त उशीर होऊ शकतो. काचेची केबिन नको, बाहेरून बाकीचे सात जण बघत असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी विषय सांगूनच बोलवा: 'दादा, उद्या अकराला अर्धा तास बसूया. गेल्या तीन महिन्यांच्या हजेरीबद्दल बोलायचंय.' विषय न सांगता 'जरा बोलायचंय' म्हटलंत, तर त्यांची रात्र नोकरी जाणार या विचारात जाते.

वयाचा प्रश्न तुम्हाला जड जातोय, ते प्रश्नातून दिसतं. दोन टोकं टाळा. 'तुम्ही मोठे आहात, मी काय सांगणार' अशी सुरुवात केलीत की पुढचं सगळं आर्जव होऊन जातं. उलट रोज 'दादा' म्हणता आणि त्या दिवशी अचानक आडनाव आणि 'मिस्टर' लावलंत, तर ती शिक्षा वाटते. रोज जसं बोलता तसंच, अहो-जाहो करत बोला. आदर शब्दांत राहू दे, मुद्दा सौम्य करू नका.

सुरुवातीची वाक्यं लिहून ठेवा आणि ती तशीच बोला, साधारण अशी:

'दादा, एप्रिल ते जूनमध्ये सात दिवस असे आहेत की रजा मंजूर नव्हती आणि तुम्ही आला नाहीत. त्यातल्या चार दिवशी मला काहीच कळलं नव्हतं. ही यादी, आधी तुम्ही बघा, यात काही चुकलंय का? मंजूर रजा यात धरलेल्या नाहीत. तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण ५ जूनला गाडी दोन तास उभी राहिली, कारण मला साडेदहापर्यंत माहीतच नव्हतं की तुम्ही येणार नाही. यातले पाच दिवस एकाआड एक गुरुवार आहेत. गुरुवारी काही ठरलेलं असतं का?'

एवढं बोलून गप्प बसा. नवे मॅनेजर इथेच सगळ्यात जास्त चुकतात. शांतता सहन होत नाही म्हणून स्वतःच उत्तर सुचवतात: 'घरी काही अडचण आहे का? तब्येतीचं काही? ट्रेनचा त्रास?' समोरचा त्यातलं सगळ्यात सोयीचं उचलतो आणि खरं कारण तसंच राहतं. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. कागदाकडे बघत राहिलात तरी चालेल.

पुढे काय येईल हे सांगता येत नाही, पण चार प्रकारांची तयारी ठेवा. पहिला आणि सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे 'सॉरी साहेब, यापुढे होणार नाही', आणि तो सगळ्यात सोपा वाटतो. आपल्याकडे वरिष्ठासमोर लगेच मान्य करणं ही सभ्यता समजली जाते. हे उत्तर दोन मिनिटांत येतं, तुम्हाला हायसं वाटतं, बैठक संपते, आणि पुढचा गुरुवार जसाच्या तसा येतो. म्हणून हे वाक्य आलं की आभार मानून एक ठोस प्रश्न विचारा. बैठक १ जुलैला, मंगळवारी आहे असं धरू. 'बरं. परवा ३ तारखेला पुन्हा गुरुवार आहे, मागच्या हिशेबाने तो तुमचा गुरुवार. त्या दिवशी सकाळी काय होणार आहे?' तारीख समोर आली की वचन देणं अवघड होतं आणि खरी माहिती बाहेर येते. 'नाही, परवा जमणारच नाही, वडिलांना न्यायचंय' हे वाक्य बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नाला येतं, पहिल्याला येत नाही.

समजा तेच कारण निघालं. वडिलांना दर दोन आठवड्यांनी रुग्णालयात न्यावं लागतं, आणि घरी दुसरं कुणी नाही. इथे आजार कुठला ते विचारू नका, फाइल मागू नका. तुम्हाला चारच गोष्टी हव्यात: दर किती दिवसांनी, किती वाजेपर्यंत, किती महिने चालणार, आणि तारीख आधी कळते का. पंधरवड्याच्या तपासणीची तारीख साधारण आधीच ठरलेली असते, म्हणजे रजाही आधीच टाकता येते. कित्येकदा पूर्ण दिवस लागतही नाही, दीड वाजेपर्यंत मोकळे होतात, पण आता काय जायचं म्हणून येत नाहीत. मग अर्ध्या दिवसाची रजा, किंवा वेळेची अदलाबदल, यातलं कंपनीच्या नियमांत काय बसतं ते एचआरला विचारून सांगा. बैठकीतच कबूल करू नका. आज तुम्ही तोंडी दिलेली सवलत उद्या बाकीचे सात जण मागतील.

एक गैरसमज इथे लगेच दूर करावा लागतो. दादांचा पगार ईएसआयसीच्या मर्यादेत, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्यांना वाटू शकतं की वडिलांच्या कागदावर ईएसआयसीची आजारपणाची रजा मिळेल. कुटुंबीयांना ईएसआयसीतून उपचार मिळतात, पण पगाराऐवजी मिळणारा आजारपणाचा लाभ फक्त विमाधारक स्वतः आजारी असेल तरच असतो. वडिलांच्या दिवसांसाठी स्वतःच्या खात्यावरची रजाच लागेल. म्हणून शिल्लक रजेचा आकडा छापून जवळ ठेवा. उलट आजारी ते स्वतः असतील आणि ईएसआयसीचं प्रमाणपत्र असेल, तर ते दिवस या यादीतून काढा आणि तिथून पुढचं एचआरवर सोपवा. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगारावर कारवाई करण्यावर कायद्याची बंधनं आहेत. त्यात तुम्ही एकट्याने पाऊल टाकू नये.

दुसरा प्रकार रागाचा: 'बाकीचे पण येत नाहीत, त्यांना कोण विचारत नाही.' दुसऱ्या कुणाच्या हजेरीबद्दल एक शब्दही बोलू नका, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. 'त्यांच्याशी जे बोलायचं ते मी त्यांच्याशी बोलेन, आज तुमच्या यादीवर बोलूया.' एवढंच, आणि पुन्हा कागद. वाद चढला तर दहा मिनिटं थांबून परत बसा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तरी चालेल, पण तारीख-वेळ तिथेच ठरवून उठा.

तिसरा प्रकार म्हणजे कारण सांगायचंच नाही. तो त्यांचा हक्क आहे. 'कारण सांगितलं नाहीत तरी चालेल, पण मग कंपनीला मदतीचा मार्ग शोधता येणार नाही, आणि मंजुरीशिवायचा दिवस मंजुरीशिवायचाच राहील' हे शांतपणे सांगा. यात धमकी नाही, जे आहे ते आहे.

चौथा प्रकार क्वचित येतो, पण तयार असायला हवं. कारण कामाच्या जागेवरच निघतं. कुणी अपमान करतं, कुणाचा त्रास आहे, आणि म्हणून कामावर यायला पाय उचलत नाही. तिथे हजेरीचा विषय बाजूला ठेवा, ऐका, शब्द जसेच्या तसे टिपा आणि त्याच दिवशी एचआरकडे जा. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर ती अंतर्गत समितीकडेच जायला हवी. तुम्ही स्वतः चौकशी करू नका. आणि हे आधीच लक्षात ठेवा की 'हे फक्त आपल्या दोघांत राहील' असं वचन कुठल्याच प्रकारात द्यायचं नाही, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. 'ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांनाच कळेल' एवढंच म्हणा.

काय बोलायचं नाही याची यादी छोटी आहे: 'तुम्हाला काढून टाकू', 'जमत नसेल तर राजीनामा द्या', 'तुमच्या वयात असं शोभत नाही'. पहिली दोन वाक्यं पुढे कामगार न्यायालयात तुमच्या नावाने वाचली जाऊ शकतात. तिसरं विसरलं जात नाही. स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या अटींच्या लेखी नियमांचा दाखलाही इथे नको. केंद्रीय नमुना स्थायी आदेशांत गैरवर्तनाच्या यादीत 'रजेशिवाय वारंवार गैरहजर राहणं किंवा रजेशिवाय दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणं' असा मुद्दा आहे, म्हणून काही मॅनेजर तो तोंडावर फेकतात. तुमच्या उदाहरणात सात सुटे दिवस आहेत, दहापेक्षा जास्त नाहीत. आणि 'वारंवार' म्हणजे किती, तुमच्या कंपनीला कुठले आदेश लागू आहेत, हे ठरवण्याचं काम एचआरचं. कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, चौकशी हा पूर्ण वेगळा रस्ता आहे. तुमची बैठक त्याच्या अलीकडची आहे.

शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोष्टी ठरवून उठा. पहिली, कळवण्याची रीत. 'वेळेत कळवा' हे पुरेसं नाही. किती वाजेपर्यंत, कुणाला, कशाने, हे तिन्ही ठरवा. साडेनऊची वेळ असेल तर पावणेनऊपर्यंत तुम्हाला फोन. मेसेज चालणार नाही, कारण तो तुम्ही बघितलाय की नाही हे त्यांना कळत नाही आणि तुम्ही त्या वेळी कदाचित गाडी चालवत असता. फोन उचलला नाही तर तुम्हाला आणि डिस्पॅचच्या दुसऱ्या माणसाला, दोघांनाही मेसेज. विभागाच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज धरायचा नाही. त्यांना स्वतःला शक्य नसेल तर घरच्या कुणीही फोन केला तरी चालेल. हे शेवटचं वाक्य मुद्दाम म्हणा, आजारी माणसाला ते सुचत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची. एका माणसाच्या गैरहजेरीने गाडी अडते, याचा अर्थ ते काम दुसऱ्या कुणाला येत नाही किंवा त्याच्याकडे लॉगिन नाही. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर तयार करता येतो. तो करून घेण्याची तारीख स्वतःच्या नावावर लिहा. त्यामुळे बैठकीचा सूरही बदलतो, कारण यादीत आता तुमचंही एक काम असतं.

मेल त्याच दिवशी गेला पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून दोघांची आठवण वेगवेगळी होत जाते. तो मराठीत लिहा, जर मराठी त्यांना सहज वाचता येत असेल. इंग्रजीत आलेलं पत्र बिलिंगच्या माणसाला नोटीस वाटतं आणि तो घरी जाऊन मुलाकडून वाचून घेतो. पत्र थेट त्यांना, प्रत फक्त एचआरच्या त्या एका व्यक्तीला. आणि प्रत जाणार आहे हे बैठकीतच सांगा.

मजकूर असा ठेवा:

विषय: १ जुलैच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टी

दादा, नमस्कार.

आज सकाळी ११ वाजता आपण एप्रिल ते जून या काळातल्या हजेरीबद्दल बोललो. रजा मंजूर नसताना तुम्ही पुढील सात दिवस आला नव्हता: २४ आणि २९ एप्रिल, ८ आणि २२ मे, ५, १३ आणि १९ जून. यादी तुम्ही पाहिलीत आणि बरोबर असल्याचं सांगितलंत. यातल्या चार दिवशी मला काही कळवलं गेलं नव्हतं आणि तीन दिवशी साडेनऊनंतर मेसेज आला होता. ५ जूनला त्यामुळे एक गाडी गेटवर दोन तास थांबली.

तुम्ही सांगितलंत की घरच्या एका जबाबदारीमुळे दर पंधरा दिवसांनी गुरुवारी सकाळी तुम्हाला थांबावं लागतं, आणि हे साधारण सप्टेंबरपर्यंत चालेल.

आपण असं ठरवलं:
१. या गुरुवारांच्या तारखा तुम्ही महिन्याच्या सुरुवातीला रजेच्या अर्जात टाकाल. ३, १७ आणि ३१ जुलैचा अर्ज उद्या संध्याकाळपर्यंत टाकाल.
२. अचानक येता आलं नाही तर सकाळी ८.४५ पर्यंत मला फोन. मी उचलला नाही तर मला आणि डिस्पॅचला मेसेज. घरच्या कुणीही कळवलं तरी चालेल.
३. अर्ध्या दिवसाची रजा किंवा वेळेची अदलाबदल शक्य आहे का, ते मी एचआरला विचारून ४ जुलैपर्यंत सांगेन.
४. ई-वे बिलासाठी दुसरा युजर मी ११ जुलैपूर्वी करून घेईन.

१२ ऑगस्टला सकाळी ११ वाजता आपण पुन्हा बसू आणि हे कसं चाललंय ते पाहू. न कळवता पुन्हा दिवस गेले तर पुढचा निर्णय एचआरसोबत घ्यावा लागेल, हेही आज मी तुम्हाला सांगितलं.

हे इशारापत्र नाही. आज जे बोललो त्याची नोंद आहे. यात काही चुकलं किंवा राहिलं असेल तर शुक्रवारपर्यंत याच मेलला उत्तर द्या.

यातल्या दोन-तीन जागा मुद्दाम तशा आहेत. 'घरच्या एका जबाबदारीमुळे' एवढंच लिहिलंय. वडील, आजार, रुग्णालय काहीच नाही, कारण हा मेल पुढे कुणाकडेही जाऊ शकतो. 'तुम्ही सांगितलंत की' या शब्दांमुळे कारण खरं की खोटं यावर तुम्ही मत दिलेलं नाही. 'तुम्ही बेजबाबदारपणे वागलात' यासारखं एकही विशेषण नाही, कारण विशेषणावर वाद घालता येतो, तारखेवर घालता येत नाही. आणि 'हे इशारापत्र नाही' हे खरं असेल तरच लिहा. एचआरने हा पहिला इशारा म्हणून धरायचं ठरवलं असेल, तर त्यांना विचारून तसं स्पष्ट लिहा. गोड मेल पाठवून मागाहून तोच कारवाईच्या कागदांना जोडला, तर तुमच्या शब्दावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही.

यादीतला एखादा दिवस त्यांनी बैठकीत नाकारला असेल तर 'बरोबर असल्याचं सांगितलंत' हे वाक्य जाणार नाही. तिथे लिहा: '२९ एप्रिलबद्दल तुमचं म्हणणं वेगळं आहे, ते मी रजिस्टरवर तपासून दोन दिवसांत कळवतो.' आणि खरंच तपासा. उत्तर आलं नाही तर शुक्रवारी समोर जाऊन 'मेल वाचलात ना, काही चुकलंय का' एवढं विचारा आणि काय म्हणाले ते तारखेसह त्या चार रकान्यांच्या कागदाखाली टिपा. मेलवर सही मागण्याची गरज नाही.

३ जुलैला सकाळी ठरल्याप्रमाणे अर्ज आलेला असेल, तर ४ तारखेला जाता-जाता 'अर्ज वेळेत आला, काम अडलं नाही' एवढं बोला. अर्ज मंजूर करायला मात्र विसरू नका. तुमच्या ट्रेमध्ये तो पुन्हा अडकला तर सगळं मोडेल. त्या तारखेपर्यंत एचआरचं उत्तरही त्यांना द्यायचं आहे. एचआरने नाही म्हटलं असलं तरी तेही कळवा.

पुढे एखादा दिवस न कळवता गेलाच, तर १२ ऑगस्टची वाट बघू नका. ते परत आले की त्याच दिवशी पाच मिनिटं: 'कालचा फोन आला नाही. काय झालं?' कारण पटण्यासारखं असेल तरी एका ओळीचा मेल करा, 'काल अमुक तारखेला फोन आला नव्हता, आज आपण बोललो'. दुसऱ्यांदा झालं तर बैठक तुम्ही एकट्याने घेऊ नका, एचआरला बसवा. तोपर्यंतचे सगळे मेल आणि तो कागद तारखेच्या क्रमाने त्यांच्याकडे द्या. तुमचं स्वतःचं मत कोरं ठेवा, विचारलं तरच सांगा.

१२ ऑगस्टच्या बैठकीला तोच चार रकान्यांचा कागद नव्या सहा आठवड्यांसाठी भरून न्या. त्यात 'न कळवता' शून्य आणि मंजूर रजा तीन दिसल्या, तर दादा अजूनही दर पंधरवड्याला गैरहजरच आहेत. पण आता ते तुम्हाला आधीपासून माहीत असतं आणि गाडी वेळेवर निघते. त्या दिवशीचा मेल चार ओळींचा असेल, आणि त्यात सप्टेंबरनंतर काय करायचं एवढंच ठरवायचं राहील.